चार नंबरचा झरा

आमचा अहवाल पुण्याहून परत आला तेव्हा मी आधी चिडले. चूक माझी असली की मला पहिल्यांदा राग येतो आणि लाज सावकाश मागून येते, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे.

२००१ सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. जुन्नरच्या बाजारपेठेमागे आमच्या ‘सह्यकडा ग्रामविकास मंडळा’च्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर, त्यावर फुलाफुलांचं कव्हर, आणि त्याच्यासमोर मी, इंद्रायणी, अहवाल लिहिणारी. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडच्या अकरा वाड्यांमधले झरे आम्ही वर्षभर मोजले होते. एकदा भादव्यात, एकदा डिसेंबरात, एकदा मे महिन्यात. झऱ्याखाली बादली धरायची, घड्याळ लावायचं, मिनिटाला किती लिटर पाणी येतं ते लिहायचं. मग त्यातलं थोडं पाणी तपासणीच्या बाटलीत भरायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाटली काळी पडली की पाणी खराब. त्या भागात पावसाळ्यात छत्री उघडायची सोय नसते आणि मे महिन्यात घोटभर पाण्यासाठी कडा चढावा लागतो, म्हणून हा खटाटोप.

अहवाल वाचून पाणीपुरवठ्याचं ऑफिस फणसवाडीला एक टाकी बांधणार होतं. झऱ्याचं पाणी अडवायचं, टाकीत साठवायचं आणि नळानं वाडीत आणायचं. फणसवाडी घाटघरच्या अलीकडे, अठ्ठावीस घरांची. टाकी एकच मंजूर होणार आणि ती ज्या झऱ्यावर बांधली जाईल तिथेच राहणार. चुकून दुसरीकडे बांधली तर उचलून आणता येत नाही, एवढं मलाही कळत होतं.

आणि आता तो अहवाल माझ्या टेबलावर परत आला होता. सोबत पत्र: ‘अहवालातील संक्षेप व क्रमांक यांचा कार्यालयास बोध होत नाही. खुलासा करावा. फणसवाडी येथील जागा निश्चित करण्यासाठी दि. २६ नोव्हेंबर रोजी समक्ष येत आहे.’ खाली सही, आरती, कनिष्ठ अभियंता. बाईंनी समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं काढली होती. मी मोजली, तेवीस होती. एका ठिकाणी तर सरळ लिहिलं होतं, ‘काबा म्हणजे काय?’

काबा म्हणजे काळी बाटली. आमच्या ऑफिसात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. बाटली काळी पडली तर काबा, नाही पडली तर पांबा. बामा म्हणजे बारमाही. लिप्रमि म्हणजे लिटर प्रतिमिनिट. वाट-क म्हणजे अशी वाट की हंडा डोक्यावर घेऊन उतरता येत नाही, कमरेवर घ्यावा लागतो. झ-१, झ-२ म्हणजे झरे. ही सगळी भाषा सुदर्शन सरांची. ते मंडळाचे प्रमुख, कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आणि त्यांना पूर्ण शब्दाचा कंटाळा. माझी रजेची चिठ्ठीसुद्धा ते ‘इं. अनु. सोम.’ एवढ्यावर उरकायचे. माणूस मायाळू, पण शब्दाची काटकसर अशी की जणू प्रत्येक अक्षराला पेट्रोल लागतं.

“एवढं काय त्यात?” सर पत्र वाचून म्हणाले. “शेवटी एक यादी जोडून दे. संक्षेप डावीकडे, अर्थ उजवीकडे. अर्ध्या दिवसाचं काम.”

मी अर्ध्या दिवसात केलं. एकेचाळीस संक्षेप निघाले. छापून बघितल्यावर माझं मलाच कौतुक वाटलं.

रविवारी मी पिंपरी पेंढारला घरी गेले ती अहवाल पिशवीत घालूनच. आमचे दादा, म्हणजे माझे वडील हौशीराम, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारे. म्हटलं, बाहेरच्या माणसाला कळतंय का बघू, आणि बाहेरचं माणूस घरात असताना दुसरीकडे कशाला जायचं? दादा ओसरीवर टोमॅटो निवडून क्रेटात भरत बसले होते. हात पुसले, चष्मा चढवला आणि फणसवाडीचं पान मांडीवर घेतलं. दर ओळीला शेवटचं पान उलटायचं, यादीत बघायचं आणि परत यायचं. दहा मिनिटांत त्यांनी तीनदा मान हलवली.

“हे काबा-पांबा कळलं,” ते म्हणाले. “पर ह्या झ-चारचा अर्थ यादीत काय दिलाय? ‘झरा क्रमांक चार’. आता हा चार नंबर म्हंजे कंचा?”

“झरा आहे दादा. फणसवाडीचा.”

“आगं, त्ये कळलं मला. पर कुठं हाय त्यो? वाडीच्या वर का खाली? आपल्या दोन हिरी हायेत. एक थोरली, एक पाटाकडची. नंबर दोन म्हनलं तर तुझ्या आईला तरी कळंल का?”

मला माहीत नव्हतं. वर्षभर मी झ-चार, झ-चार टाइप करत होते. त्याचे आकडे मला पाठ होते. भादव्यात चाळीस, डिसेंबरात अकरा, मे महिन्यात चार. सातही झऱ्यांत मे महिन्यात चालणारा हाच एक, म्हणून बामा. पण तो कुठे आहे, त्याच्याजवळ झाड आहे की खडक, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मला एकदम माझाच राग आला, आणि नेहमीप्रमाणे तो मी दुसऱ्यावर काढला.

“तुम्हाला डेअरीत नंबरानंच ओळखतात की! तेव्हा चालतं?”

“चालतं ना,” दादा हसले. “बावीस नंबर. पर त्यो काय माझा न्हाई. माझ्या आधी कुशाबाचा व्हता. त्यो गेला, मग नंबर मला मिळाला. डेअरीत नंबर रिकामा ठेवीत न्हाईत.”

मी तेव्हा ते ऐकलं आणि सोडून दिलं.

सोमवारी मी सरांना सांगितलं की यादीनं भागणार नाही, प्रत्येक झऱ्याला त्याच्या वाडीतलं नाव आणि जागा लिहायला हवी. सर म्हणाले, “कुंडलिकला विचार, दोन तासांत होईल.” कुंडलिक म्हणजे आमचा फणसवाडीचाच कार्यकर्ता. जुन्नरकडच्या पाच वाड्यांचे झरे त्यानंच मोजले होते. पायानं तो हरणासारखा, पण कागदासमोर बसवला की घामाघूम. मी विचारलं तर म्हणाला, “हितं बसून कसं सांगू ताई? वरच चला. बयाबाई सांगंल. तिला सगळं ठावं हाय.”

मंगळवारी सकाळच्या एसटीनं आम्ही वर गेलो. भात कापणीला आलेलं होतं. बयाबाई खळ्यावर शेण घालत होती. सत्तरीची, हातापायानं काटक, आणि बोलणं असं की समोरच्यानं नीट उभं राहावं. मी अहवालातलं तिच्या वाडीचं पान वाचून दाखवलं. ‘झ-एक, हंगामी, काबा, वाट-अ. झ-दोन, हंगामी, काबा, वाट-ब.’ तिनं शेणाचे हात तसेच धरून सगळं ऐकलं.

“ह्ये आमच्या वाडीचं हाय का दुसऱ्या?” तिनं विचारलं.

“तुमच्याच.”

“मंग मला कसं कळना?”

कुंडलिक ओशाळला. मी मात्र खाली बसले, वही काढली आणि म्हटलं, “मावशी, तुम्ही सांगा. मी लिहिते.” ती उठली आणि आम्हाला घेऊन निघाली. शेणाचे हात तिनं वाटेत पहिल्याच झऱ्यावर धुतले. त्याचं नाव साकवाखालचं पाणी. पुढचा म्हसरांचा झरा, तिथे गुरं बसतात, म्हणून बाटली काळी. तिसरा चिमाजीच्या बांधाचा. प्रत्येक ठिकाणी कुंडलिक नंबर सांगायचा, बयाबाई नाव सांगायची आणि मी दोन्ही शेजारी लिहायची. मला मजा येऊ लागली होती. वर्षभर ज्या आकड्यांशी खेळले त्यांना पहिल्यांदा तोंडं मिळत होती.

चौथा झरा रस्त्यालगतच होता. मोठ्या उंबराच्या मुळातून मनगटाएवढं पाणी येत होतं. “हा उंबराचा,” बयाबाई म्हणाली. कुंडलिक म्हणाला, “चार नंबर.” मी लिहिलं: झ-चार, उंबराचा झरा, रस्त्याकडेला, बारमाही.

“आन काय लिवलं?”

“बारमाही. बारा महिने चालतो असं.”

बयाबाई माझ्याकडे बघतच राहिली. मग कुंडलिककडे वळली. “ह्यो? ह्यो तर संक्रातीपातूर सुदिक टिकत न्हाई! म्हाघात हितं पाखराला पानी नसतंय. काय सांगितलंस रं पोरीला?”

“मावशी, मे महिन्यात चार नंबरला मिनिटाला चार लिटर पाणी होतं,” मी म्हणाले. “कुंडलिकनंच मोजलंय.”

“त्ये कपारीचं!” कुंडलिक एकदम बोलला, आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा पडला.

कपारीचा झरा वाडीच्या वर, वीस मिनिटं चढून, खडकाच्या पोटात. पावसाळ्यात तिथे शेवाळ असतं, कुणी जात नाही, गरजही नसते. म्हणून भादव्यातल्या आणि डिसेंबरातल्या मोजणीत तो नव्हताच. मे महिन्यात कुंडलिक वाडीत आला तेव्हा उंबराचा आटलेला होता आणि सगळ्या बायका कपारीवर. कुंडलिकनं कपारीचा मोजला. सरांच्या छापील तक्त्यात झऱ्यांसाठी ओळी सात होत्या. सात आधीच भरलेल्या. मे महिन्यात सातही कोरडे, पण उंबराचा आटला की कपारीवर जायचं ही वाडीची रीत.

“मंग मी चार नंबर कपारीला दिला,” तो म्हणाला. “मंडळात येन्याआधी मी धा वर्सं डेअरीत लिवायला व्हतो ना ताई. तिथं रिकामा नंबर ठिवायचा न्हाई, म्होरच्याला द्यायचा, आसंच व्हतं. मला वाटलं, तुमाला ठावं आसंल. आमी आपसात उन्हाळी चार म्हनतो की.”

बावीस नंबर, कुशाबाचा, मग दादांचा. माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मी उंबराच्या मुळावर बसले. कुंडलिकनं तक्त्यात भरलं होतं. पण भादवा, डिसेंबर आणि मे, तीन वेगळे तक्ते नंबराला नंबर जुळवून एकाच ओळीत आणणारी मी होते. चाळीस, अकरा, चार. इतकं सरळ उतरणारं पाणी. दोन झऱ्यांचं मिळून मी तिसराच एक झरा तयार केला होता, जो या डोंगरात कुठेच नव्हता.

तेवीस प्रश्नचिन्हं. मी तिथेच पिशवीतून अहवाल काढून झ-चारची ओळ बघितली. तिथे प्रश्नचिन्ह नव्हतं. तिथे आरतीबाईंनी बरोबरची खूण केली होती आणि लिहिलं होतं, ‘बामा म्हणजे बहुधा बारमाही. योग्य. टाकी येथे.’ जे बाईंना कळलं नाही ते त्यांनी विचारलं. जे कळलं असं वाटलं, तिथे त्यांना कशाचीच शंका आली नाही. आणि माझ्या एकेचाळीस अर्थांच्या यादीनं तर ती चूक आणखी पक्की केली असती.

“काय झालं ग पोरी?” बयाबाईनं विचारलं.

“मावशी, टाकी ह्या उंबरावर बांधली असती त्यांनी.”

“मंग फागुनात आमी रिकामी टाकी बघत कपारीला गेलो आसतो,” ती म्हणाली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

ऑफिसात सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “नावं लिही, ते चांगलंच आहे. टाकीची जागा कपारीवर करू, आरतीबाई आल्या की तोंडी सांगू. पण नंबर बदलले हे अहवालात घालू नकोस. बाकीच्या दहा वाड्यांवरून विश्वास उडेल.”

“उडायलाच पाहिजे सर, तोपर्यंत. कुंडलिकच्या पाचही वाड्या तपासायला हव्यात.”

“इंद्रायणी, वर्षभराचं काम आहे हे.”

“म्हणूनच,” मी म्हणाले. आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. “अहवाल आपल्याला कळतो सर. पण आपल्याला तो वाचायची गरजच नाही, आपण तर झऱ्यावर जाऊन आलोय. जी बाई पुण्यात बसून वाचणार आहे तिला उन्हाळी चार कुठून कळणार?”

कुंडलिक दाराशी उभा होता. त्याला वाटत होतं आपली नोकरी गेली. मला त्याचा राग यायचा थांबला होता. त्यानं मोजताना कुठेही खोटं लिहिलं नव्हतं. त्यानं झिजलेल्या पाकीटवहीतून मूळ नोंदी काढून दिल्या, तारीख-वेळेसकट. त्यात नंबरासमोर त्यानं स्वतःसाठी ‘कपार’ असं बारीक लिहिलेलं होतं. तक्त्यावर मात्र त्या शब्दाला जागा नव्हती.

पुढचे अठरा दिवस आम्ही वाड्यांमध्ये फिरलो. आणखी तीन वाड्यांत नंबर एका झऱ्याकडून दुसऱ्याकडे गेलेले सापडले. आंबेगावकडे, भीमाशंकरच्या बाजूला, मोजणी गोकुळ करायचा. तो आळशी म्हणून मी त्याला नेहमी टोमणे मारायची. त्यानं आटलेल्या झऱ्यापुढे नुसती रेघ मारून नंबर तसाच सोडला होता, आणि त्या आळसापायी आंबेगावचे सगळे तक्ते बरोबर निघाले. मी त्याला चहा पाजला, कारण मात्र सांगितलं नाही.

मग मी फणसवाडीचं पान नव्यानं लिहिलं. यादी काढून टाकली, शब्दच पूर्ण लिहिले. काबाऐवजी ‘तपासणीत बाटली काळी पडली, म्हणजे पाणी उकळल्याशिवाय पिण्याजोगं नाही’. वाट-कऐवजी वाट कशी आहे ते. नंबर पूर्ण काढता येत नव्हते, कारण पाकीटवह्या त्याच नंबरांनी होत्या, उद्या कुणाला ताळा करायचा तर धागा हवा. म्हणून आधी झऱ्याचं नाव, मग जागा, आणि नंबर अगदी शेवटी, ‘आमच्या नोंदवहीतला क्रमांक’ म्हणून. कपारीच्या झऱ्याला नवा आठ नंबर दिला. आणि पहिल्याच पानावर, सरांनी दोनदा खोडलेली आणि मी तिसऱ्यांदा लिहिलेली ओळ: ‘आधीच्या अहवालात दोन वेगळ्या झऱ्यांचे आकडे एका क्रमांकाखाली आले होते. ती चूक मंडळाची होती. कुठे आणि कशी, ते खाली दिलं आहे.’ तिसऱ्यांदा सरांनी पेन खाली ठेवलं आणि सही केली.

सव्वीस नोव्हेंबरला आरतीबाई जीपमधून उतरल्या त्या थेट उंबराजवळ. नवा अहवाल आठवड्यापूर्वी पाठवला होता, तो त्यांना मिळालाच नव्हता. माझ्याच वयाच्या, डोक्याला रुमाल, हातात जुना अहवाल. उंबराखाली खळखळ पाणी वाहत होतं. त्यांनी हात घालून बघितला आणि खूश झाल्या.

“रस्त्याला लागून, पाणी भरपूर. एवढी सोयीची जागा मिळत नाही हो. इथेच आखू.”

सर माझ्याकडे बघायला लागले. मी नव्या अहवालाची प्रत पुढे केली आणि म्हणाले, “मॅडम, आखायच्या आधी हे एक पान वाचा. मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू द्या.”

त्यांना ते विचित्र वाटलं असणार. पण त्यांनी वाचलं. “उंबराचा झरा. रस्त्याच्या कडेला, वाडीच्या खाली. भादव्यात मिनिटाला चाळीस लिटर, डिसेंबरात अकरा. संक्रांतीच्या आसपास आटतो. मे महिन्यात कोरडा.” त्या थांबल्या. पुढचं सावकाश वाचलं. “कपारीचा झरा. वाडीच्या वर, चढून वीस मिनिटं. मे महिन्यात मिनिटाला चार लिटर. बाटली काळी पडली नाही. पावसाळ्यातली मोजणी झालेली नाही. आधीच्या अहवालात या दोन्ही झऱ्यांना चार क्रमांक होता.”

बायका बांधावर उभ्या राहून ऐकत होत्या. “बराबर हाय,” बयाबाई म्हणाली. “आगदी बराबर.”

“म्हणजे मी ज्याच्यावर खूण केली तो झरा...”

“नव्हताच,” मी म्हणाले. “आम्ही कागदावर तयार केलेला होता. माफ करा.”

आरतीबाई रागावल्या. रागावायला हव्याच होत्या. वर्षभराचं काम असं करतात का, मी साहेबांना काय सांगू, असं बरंच बोलल्या. मी ऐकून घेतलं, जे माझ्या स्वभावात नाही. मग त्यांनी कुंडलिकची पाकीटवही मागितली, मे महिन्याची तारीख बघितली आणि म्हणाल्या, “चला, दाखवा कपार.”

वर चढताना त्यांना धाप लागली. कपारीत त्यांनी स्वतः बादली धरली, स्वतःचं घड्याळ लावलं. मिनिटात नऊ लिटर भरले. मग दगडावर बसून गणित मांडलं. मे महिन्यातलं चार लिटर म्हणजे दिवसरात्रीत पावणेसहा हजार. वाडीत दीडशे माणसं, माणशी चाळीस लिटर म्हणजे सहा हजार. “जेमतेम आहे,” त्या म्हणाल्या, “पण रात्रीचं पाणी वाया जातं ते टाकीत साठलं तर निभेल. आणि झरा वर आहे, म्हणजे पाणी उतारानंच जाईल, पंप नको.” त्यांनी जुन्या अहवालातली बरोबरची खूण खोडली आणि नव्या पानावर जागा लिहिली.

उतरताना सरांनी हळूच विचारलं, “बाकीच्या वाड्यांचं आता काय करणार?”

“बरोबर धरून चालणार,” त्या म्हणाल्या. “कुठे चुकलात ते तुम्ही लिहिलंय. ते लिहिलं नसतं आणि मला इथे कळलं असतं, तर सगळाच गठ्ठा परत पाठवला असता.” खाली आल्यावर सरांनी माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

टाकी एप्रिलात पूर्ण झाली. मे महिन्यात आम्ही पुन्हा मोजणीला गेलो. सरांनी तक्ते नवे छापले होते, वीस ओळींचे, आणि पहिल्या रकान्याचं नाव होतं ‘वाडीतले लोक या झऱ्याला काय म्हणतात’. पूर्ण वाक्य, सरांच्या हातचं. मी ते कापून जपून ठेवलं आहे.

वाडीत नळाला पाणी होतं. बयाबाईच्या अंगणात हंडा भरून ठेवलेला होता आणि तिनं आम्हाला आग्रहानं तांब्याभर पाजलं. मग ती आमच्याबरोबर उंबरापर्यंत चालत आली, कशाला ते तिलाच माहीत. झऱ्याच्या जागी भेगाळलेली माती आणि उंबराची वाळकी पानं. कुंडलिक खाली बसला, बादली बाजूला ठेवली आणि चार नंबरच्या ओळीत लिहू लागला. त्याला वेळ लागला. खालच्या ओळी रिकाम्या होत्या, नंबरही भरपूर शिल्लक होते. उंबराचा नंबर यंदा कुणाला द्यायची गरज नव्हती.

“काय लिवलंस रं?” बयाबाईनं विचारलं.

कुंडलिकनं वाचून दाखवलं. “उंबराचा झरा. मे महिना. कोरडा हाय. भादव्यात परत येतो.”

“हां,” बयाबाई म्हणाली. “आता कळलं.”